सातव्या माळेचा खिळा

2022 साली गौरी यायच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीतली पताकांची सातवी माळ खाली आली. दोरी तुटली नव्हती, शिवणही उसवली नव्हती. गिरणीवाल्यांच्या नव्या गॅलरीखालचा खिळा तळहाताएवढा गिलावा घेऊन निघाला आणि खाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर पडला. पाऊस नुकताच थांबला होता, गल्लीत कुणी नव्हतं, म्हणून कुणाच्या डोक्यात काही गेलं नाही. तासाभरात मात्र गल्लीचा निकाल लागला होता: माळा शिवणाऱ्या तात्यांचं वय झालं, माप चुकलं.

मी वायरमन आहे. खांबाखांबांमधल्या तारा ओढण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे दोन टोकांत लटकणारी कुठलीही वस्तू खाली आली की मला आधी माणूस दिसत नाही, झोळ दिसतो. हे सगळं लिहून ठेवतोय त्याला कारण एवढंच की, त्या दिवशी जे ठरलं ते अर्धं खरं होतं आणि उरलेलं अर्धं शोधायला आम्हाला तात्यांच्या दुकानात तीन दिवस लागले.

आमची गल्ली सांगलीत, गावभागात. लांबी अंदाजे दोनशे दहा फूट, रुंदी कुठे सतरा, कुठे एकोणीस. तात्यांचं दुकान तोंडाशीच, जुन्या वाड्याच्या पडवीत. एक काळी पायडलची मशीन, एक कोळशाची इस्त्री, बसायला बाकडं. वय अठ्ठ्याहत्तर. शर्ट-पँट शिवणं त्यांनी कधीच बंद केलंय. आता फॉल, पिको, उशांचे अभ्रे आणि गल्लीतल्या बायकांचे जुने ब्लाउज उसवून सैल करणं एवढंच. पण श्रावण संपत आला की बाकड्यावर कापडाचे तागे दिसायला लागतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, अशा नागमोडी एकवीस माळा लागतात, त्या सगळ्या तात्या शिवतात. कापड आणि दोऱ्याचे पैसे मंडळ देतं. शिलाईचे म्हणून शकुनाचे पैसे आणि नारळ. मी मंडळाचा हिशेब बघतो. नोटेवर नाणं चिकटवून द्यावं लागतं, नाहीतर ते घेत नाहीत.

पताका म्हणजे त्रिकोण कापायचे नि दोरीला टाचायचे, असं मलाही वाटायचं. त्यांच्याशेजारी बसल्यावर कळलं की खरं काम कापण्यातच आहे. तात्यांचा फर्मा साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा: वरची बाजू सात इंच, उंची नऊ. कापड इचलकरंजीचं पॉपलिन, छत्तीस इंची पन्ह्याचं. नऊ इंचांचा एक पट्टा आखायचा आणि त्यात एक त्रिकोण सुलटा, पुढचा उलटा, पुन्हा सुलटा, असे एकमेकांच्या कुशीत बसवायचे. एका पट्ट्यात नऊ बसतात. सगळे सुलटेच आखले तर पाचच. एका वारात असे चार पट्टे, म्हणजे छत्तीस पताका. एका माळेला सत्तावीस पताका लागतात, एकवीस माळांना पाचशे सदुसष्ट. पाच रंगांचं प्रत्येकी साडेतीन वार कापड आणलं की सहाशे तीस होतात आणि थोड्या हाताशी उरतात. मंडळातली पोरं एकदा स्वतः हिशेब करून बत्तीस वार आणायला निघाली होती, तेव्हा तात्या म्हणाले होते, "आणा की. उरल्यालं तुमच्या पोराबाळांना झबली शिवून देतो."

कापण्याआधीही एक काम असतं. नवं कापड रात्रभर पाण्यात ठेवायचं, सकाळी सावलीत वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. याला ते कापड आटवून घेणं म्हणतात. ब्लाउजचं अस्तर न आटवता लावलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात, हे त्यांनी हजार वेळा पाहिलेलं. रंग जातो का तेही तेव्हाच बघायचं. ओल्या कापडावर पांढरी चिंधी ठेवून गरम इस्त्री दाबायची. चिंधी गुलाबी झाली तर तो लाल परत. पाऊस पडला की लाल पताकेचं पाणी कुणाच्या तरी दारातल्या रांगोळीवर पडणार, आणि त्या रांगोळीवाल्या काकू तात्यांना वर्षभर सोडणार नाहीत.

मग दातेरी कात्रीने कडा, म्हणजे दोरे निघत नाहीत. मग दोन इंची पांढरी पट्टी मधोमध दुमडून नेफा करायचा, नेफ्याच्या पोटात दोरी आणि तोंडात पताकेची वरची बाजू, दोन बोटांची फट सोडून पुढची पताका. दोरा न तोडता एकामागोमाग एक पताका मशीनखालून जात राहते. टीप दोरीवरून जाता कामा नये. दोरी नेफ्यात मोकळी राहिली पाहिजे. फक्त दोन्ही टोकांना ती कापडाला पक्की टाचायची. टोकांबाहेर हातभर नुसती दोरी सोडायची, गाठीसाठी. ही दोरी मोकळी ठेवण्याची गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी सगळं तिनेच सांगितलं.

आता मापाचं. तात्यांकडे एक लांबट वही आहे, पुठ्ठ्याचं वेष्टन उडालेली. तिच्यात गल्लीची सगळी मापं आहेत, पण घरांच्या नंबराने नाहीत. "वाड्याची कडी ते मावशींचा नळ." "मारुतीचा कोनाडा ते मास्तरांची खिडकी." "गिरणीची लाकडी गॅलरी ते समोरची खुंटी – 20 फूट." यातले मास्तर वारून पंधरा वर्षं झाली आणि खिडकीच्या जागी शटर आलंय, पण वहीत ती मास्तरांचीच खिडकी आहे. प्रत्येक मापापुढे एक खूण: चार उभ्या रेघा. मी कधी विचारलं नव्हतं, त्या रेघा कशाच्या. मला वाटायचं पताकांचे रंग असतील. पण रंग तर पाच.

2022 साली नेमकं काय वेगळं झालं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. संपूर्ण एकवीस माळा त्याआधी लागल्या होत्या 2018 मध्ये. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 आहे. तात्यांच्या दुकानात मशीनचं चाक बुडेपर्यंत पाणी होतं. त्या वर्षी गणपती 2 सप्टेंबरला बसले. गल्ली अजून चिखल काढत होती. तात्यांनी मशीन उघडून, रॉकेलने धुऊन, तेल घालून फक्त मांडवापुढची एक माळ शिवली. पुढची दोन वर्षं कोरोनाची. तेव्हा प्रत्येक घराला हातभर लांबीची एकेक माळ दाराला लावायला दिली. म्हणजे खंड असा पडला नाही, पण गल्लीचं माप चार वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. या चार वर्षांत गिरणीवाल्यांनी जुनं घर पाडून नवं बांधलं. लाकडी गॅलरी गेली आणि स्लॅबची आली, जुनीपेक्षा चार फूट उंच.

दुसरी गोष्ट दोरीची. तात्या वर्षानुवर्षं बाजारात मिळते ती निळी-पांढरी प्लास्टिकची दोरी नेफ्यात घालत. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत प्लास्टिकचे झेंडे होते, सजावटीचं थर्मोकोल होतं. दोरी नव्हती. पण आमच्या पोरांनी ठरवलं, आपली गल्ली यंदा पूर्ण प्लास्टिकमुक्त, आणि चार दिवस आधी पांढऱ्याशुभ्र सुती दोरीची रिळं आणून तात्यांच्या बाकड्यावर ठेवली. हेतू चांगलाच होता. तात्यांनी दोरी बोटांत फिरवली, पीळ उलगडून बघितला आणि म्हणाले, "ही आटंल." पोरं म्हणाली, "दोरीच आहे की तात्या, कुठं शर्ट शिवायचाय." वेळ नव्हता. कापड आटवून, कापून तयार होतं. दोरी तशीच कोरी नेफ्यात गेली.

माळा लागल्या, गणपती बसले, दोन दिवस कोरडे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तासभर जोरात पाऊस झाला आणि सातवी माळ आली खाली.

संध्याकाळी मी तात्यांकडे गेलो तेव्हा ती ओली माळ त्यांच्या मांडीवर होती. गल्लीत काय बोललं जातंय ते त्यांच्या कानावर गेलेलं. मला बघून म्हणाले, "बस. तू तारंचा माणूस हाईस. सांग, ही का पडली?"

मी पहिलं कारण सांगितलं ते सगळेच सांगत होते ते: ओलं कापड जड झालं. तात्या उठले, समोरच्या वाण्याकडून तराजू मागवला. ओली माळ भरली साडेतीनशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर तीच भरली पाव किलोच्या आत. आता मला सांगा, साडेतीनशे ग्रॅमने कुठला खिळा उपटतो? खिळ्याला मी माझी अवजारांची पिशवी अडकवतो, ती पाच किलोची असते. हे कारण तिथेच बाद झालं.

दुसरं, वारा. पण पावसात वारा फारसा नव्हता आणि वाऱ्याने पडायची तर मोकळ्या टोकाकडची, चौकातली पहिली माळ पडायला हवी होती. ती जागेवर होती. तिसरं, खिळा. खिळा वाईटच होता, यात शंका नाही. जुन्या घरांत कड्या-खुंट्या लाकडात किंवा दगडाच्या सांध्यात होत्या. नव्या बांधकामात पोरांनी दीड इंची खिळा मारला तो गिलाव्यातच राहिला, विटेपर्यंत पोचला नाही. पण कमजोर खिळा दोन दिवस बरा टिकला होता. त्याला तिसऱ्या दिवशी कुणीतरी ओढलं, आणि ते वजनाने नाही.

तात्या इतका वेळ नेफ्यावरून बोटं फिरवत होते. "हे बघ," म्हणाले. "चुण्या."

बघितलं तर पांढऱ्या नेफ्याला टोकापासून टोकापर्यंत बारीक चुण्या पडल्या होत्या. परकराची नाडी थोडी ओढल्यावर कमरेला पडतात तशा. शिवताना नेफा सपाट होता, मी स्वतः पाहिला होता. कापड तेवढंच राहिलं आणि आतली दोरी आखूड झाली, याशिवाय त्याचा दुसरा अर्थ होत नाही. टीप दोरीवरून गेली असती तर चुण्या पडल्याच नसत्या, सगळंच एकत्र आखडलं असतं आणि आम्हाला काही कळलं नसतं. मग आम्ही कंदील घेतल्यासारखा मोबाईल घेऊन गल्लीत फिरलो. बाकीच्या वीस माळा अजून ओल्या होत्या. सगळ्यांना चुण्या, आणि सगळ्या खाटेच्या नव्या सुंभासारख्या ताठ. सकाळी त्यांना पोट होतं.

शंका उरू नये म्हणून तात्यांनी दुसऱ्या दिवशी प्रयोग केला. उरलेल्या सुती दोरीचा दहा फुटांचा तुकडा वाड्याच्या माळ्याच्या तुळईला बांधला आणि खालच्या टोकाला आपली कापायची मोठी कात्री लटकवली. कात्रीचं टोक भिंतीवर जिथे येत होतं तिथे निळ्या खडूने रेघ मारली. मग स्टुलावर चढून मी तांब्याने दोरीवर वरून पाणी सोडत राहिलो. पहिली पाचेक मिनिटं काही नाही. मग कात्री हळूच गोल फिरायला लागली. अर्ध्या तासाने तात्यांनी दुसरी रेघ मारली. दोन रेघांमध्ये दीड इंच. कात्री वर गेली होती. तात्या लहान पोरासारखे हसले, आणि मला म्हणाले, "आता वीस फुटाला किती?"

तीन इंच.

सुताचा तंतू पाणी पितो आणि फुगतो, जाड होतो. पीळ दिलेल्या दोरीत प्रत्येक तंतू जिन्यासारखा गोल फिरत पुढे जातो. दोरी जाड झाली की त्याला तेवढ्याच फेऱ्यांसाठी जास्त लांबी लागते, ती तो दोरीच्या लांबीतून घेतो. म्हणून ओली सुती दोरी जाड आणि आखूड होते. प्लास्टिकची दोरी पाणी पीतच नाही, त्यामुळे इतकी वर्षं हा प्रश्न आलाच नव्हता.

पण तीन इंच म्हणजे वीस फुटात कितीसे? इथे माझा धंदा कामाला आला. वीस फुटांच्या अंतरात नेमकी वीस फूट दोरी ताणून बांधली तर झोळ शून्य. तिच्यात फक्त एक इंच जास्त सोडा, मध्ये झोळ पडतो साडेनऊ इंच, जवळजवळ वीतभर. तीन इंच जास्त सोडले तर सोळा इंच, दोन वितींना थोडा कमी. लांबीतला जरासा फरक झोळात कितीतरी मोठा होऊन दिसतो, आणि हेच उलट्या बाजूनेही खरं आहे: दोन वितींचा झोळ खाऊन टाकायला दोरी फक्त तीन इंच आटावी लागते. झोळ असतो तोवर माळ आपलं वजन तेवढं खिळ्यावर टाकते, तेही किरकोळ. झोळ संपला की मग वजनाचा संबंध उरत नाही. आखडणारी दोरी दोन्ही भिंतींना एकमेकींकडे ओढायला लागते. भिंती काही येत नाहीत, खिळा येतो. आम्ही उन्हाळ्यात तार ओढताना मुद्दाम झोळ सोडतो, कारण थंडीत ती आखडणार असते. तेच हे.

हे मी तात्यांना कागदावर काढून दाखवत होतो. त्यांनी ऐकून घेतलं, वही उघडली आणि माझ्यापुढे धरली. "ह्या चार रेघा कशाच्या हाईत?"

चार बोटं. प्रत्येक मापात अंतरापेक्षा चार बोटं कापड जास्त. माझ्या बोटांनी मोजलं: तीन इंच. "माझ्या वडलांनी सांगितल्यालं," म्हणाले. "चार बोटं जास्त घे, दोन वीत पोट पडतंय. त्याच्या खाली बैलगाडीवरचा कडबा लागतो, त्याच्या वर माळ फासासारखी दिसती." मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

म्हणजे वीस माळांचा उलगडा झाला. त्यांना चार बोटं होती, पावसाने ती चारही खाल्ली, माळा ताठ झाल्या पण खुंट्यांवर ओढ यायच्या आत निभावलं. सातवीचं तसं झालं नाही, आणि इथे गल्लीचा निकाल अर्धा खरा ठरतो. तिचं माप जुन्या गॅलरीचं होतं. नवी गॅलरी चार फूट उंच. तिरकं अंतर मोजलं तर वीस फुटांऐवजी वीस फूट पाच इंच भरलं. चार फूट उंचीने फक्त पाच इंच वाढले, पण कापडात जास्तीचे तीनच होते. कापड अपुरं पडलं. पोरांनी टोकाची शेपटाची दोरी वापरून माळ पोचवली. त्यात एक टोक वर, एक खाली असल्याने माळेचं पोट मध्यावर न राहता समोरच्या घराच्या दारावर सरकलं. तिथल्या वहिनी म्हणाल्या, लोंबतंय, बरं दिसत नाही. मग पोरांनी ओढून घेतली. वीतभर झोळ राहिला, म्हणजे इंचभर जास्तीची दोरी. पावसाला तीन हवे होते. उरलेले दोन त्याने खिळ्याकडून घेतले.

तात्यांना हे सांगणं मला जड गेलं. ते मात्र शांत होते. "माप माझं चुकलं, दोरी तुमची चुकली," म्हणाले. "गॅलरी बांधताना रोज बघत हुतो मी हितनं. वर गेली, हे डोळ्याला दिसलं. वहीला दिसलं न्हाई."

हिशेबात मी एकच गोष्ट जोडतो, ती खिळ्याची. पोरांनी तो कुठे मारला याची चौकशी कुणीच केली नाही, कारण तो कोणी मारला हे सगळ्यांना माहीत होतं आणि तो माझा मुलगा होता.

उरलेल्या दिवसांसाठी आम्ही प्रत्येक माळेचं एक टोक सोडून चार-चार बोटं दोरी ढिली केली. वाळल्यावर माळा जास्तच लोंबल्या, गौरी विसर्जनाला घेऊन जाणाऱ्या बायकांच्या डोक्याला पताका लागायच्या बेतात होत्या. एक-दोघी कुरकुरल्या. पण अनंत चतुर्दशीपर्यंत आणखी दोनदा पाऊस झाला आणि एकही खिळा हलला नाही.

पुढच्या वर्षी प्रश्न आला, दोरी कुठली? पोरांना प्लास्टिककडे परत जायचं नव्हतं. तात्यांचीही हरकत नव्हती. प्लास्टिकची दोरी उन्हात कडक होते, गाठ सरकते, हा त्यांचा जुना राग. मग सुतीच ठरली, पण आटवून. श्रावणातच पाचशे फूट दोरी हंड्यात भिजवली, रात्रभर ठेवली आणि सकाळी वाड्याच्या कडीपासून मारुतीच्या कोनाड्यापर्यंत चार पदरी ताणून वाळवली. दोनदा. तरी तात्यांनी पुन्हा कात्री टांगून बघितली, आणि बरं झालं बघितली. आटवलेली दोरीही ओली केल्यावर वर सरकली, फक्त दीड इंचाऐवजी अर्धा इंच. पहिल्या पाण्यात जे कायमचं आटायचं ते आटतं, पण तंतू फुगतात ते दर पावसात फुगतात आणि वाळल्यावर पुन्हा बसतात. तेवढं राहणारच. वीस फुटाला एक इंच. चार बोटांतलं एक बोट नि थोडं वर.

त्या इंचासाठी माझी भर म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. तिचे बोटभर रुंदीचे गोल काप काढायचे, खिळ्यावर काप आणि कापाला दोरी. दोरी आखडली की रबर ताणतं, वाळली की परत येतं. तात्यांना हे आधी पटलं नाही, पताकेशेजारी काळं रबर दिसतं म्हणून. मग त्यांनी उरलेल्या लाल कापडाच्या लहान पिशव्या शिवून प्रत्येक कापावर चढवल्या, एकवीस माळांना दोन्हीकडून बेचाळीस. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि विजेच्या खांबाला एकही टोक नाही, ते मी पहिल्यापासून बघतो. ओली सुती दोरी खांबाला बांधलेली मला झोपेतही चालणार नाही.

मापं मात्र तात्यांनी स्वतः घेतली. सकाळी सातला, गल्ली मोकळी असताना. मी शिडीवर टेपचं एक टोक धरून, खाली त्यांचा हात टेपवर आणि चष्मा कपाळावर. आकडा वाचताना चष्मा खाली, लिहिताना वर. गिरणीपाशी आल्यावर त्यांनी वहीतल्या "लाकडी गॅलरी" वर एकच आडवी रेघ मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी, आणि शेजारी लिहिलं: नवी गॅलरी, 20 फूट 5 इंच. त्यापुढे चार उभ्या रेघा. मग थोडं थांबून पाचवी.

"ही कशाची?" मी विचारलं.

"पावसाची," म्हणाले, आणि टेप गुंडाळत मारुतीच्या कोनाड्याकडे निघाले.